जाहिरातीत 14, शेवटच्या मीटिंगला साडेसोळा: त्या रात्री ओनरला काय लिहायचं

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एक टू बीएचके आम्ही फायनल करत आणला होता. जाहिरातीत भाडं 14,000, डिपॉझिट 50,000. फ्लॅट दोनदा बघून झाला, नवऱ्याला अंबड एमआयडीसी जवळ, मला किचनची खिडकी आवडलेली, सगळं जमलेलं. शनिवारी संध्याकाळी फायनल बोलायला ओनरकाकांच्या घरी गेलो, काकूंनी चहा ठेवला, काकांनी वही काढली, वहीत आमच्या नावापुढे 14 लिहिलेलं होतं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ते खोडून 16.5 लिहिलं. वर म्हणाले, "पुण्याहून मुलाचा फोन होता, तो म्हणतो एवढं तरी यायलाच पाहिजे, आता कुंभमेळ्याचं पण चालू झालंय ना."

ह्या प्रसंगात बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एकतर तिथेच भडकतात आणि घर जातं, नाहीतर "बघतो काका, जमवतो काहीतरी" म्हणून उठतात, आणि ते "जमवतो" समोरच्याला होकार वाटतो. मी तिसरं केलं, घरी येऊन मेसेज लिहिला. तो कसा लिहायचा, त्यात काय घालायचं, काय अजिबात नाही, आणि तो पाठवल्यावर पुढे काय काय होतं ते सगळं सांगते, कारण माझ्या दोन मैत्रिणींनी हाच मेसेज मागून नेलाय आणि दोघींनी त्यातली महत्त्वाची ओळ काढून टाकली होती.

मीटिंगमध्ये बसल्या बसल्या

वाढीव आकडा ऐकला की आधी फक्त एकच विचारायचं, "काका, हे 2,500 कशाकशाचे?" आवाज न चढवता, खरंच समजून घ्यायचंय अशा सुरात. आमच्या काकांनी फोड सांगितली: मेंटेनन्स 1,200, सोसायटी भाडेकरू ठेवला की जास्तीचे घेते म्हणून 1,000, आणि पार्किंगचे 300. मी मोबाइलमध्ये त्यांच्यासमोरच टाइप करून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. ही फोड म्हणजे सगळ्यात मोलाची गोष्ट, कारण "साडेसोळा" ह्या गोल आकड्याशी भांडता येत नाही, पण 1,200, 1,000 आणि 300 शी एकेक करून बोलता येतं.

मग उठताना एवढंच म्हणायचं: "आम्ही 14 धरूनच आलो होतो, घरी बोलून रात्री तुम्हाला लिहून पाठवते." हो नाही, नाही पण नाही. आणि टोकन तर मुळीच नाही, एजंट मागून हळूच "हजार तरी टाकून ठेवा, दुसरी पार्टी येतेय" म्हणाला तरी नाही. साडेसोळा ऐकल्यावर तुम्ही हजार टाकले की ते साडेसोळाचंच टोकन होतं, नंतर कितीही समजावा.

घरी आल्यावर आधी पुरावा, मग मेसेज

गाडीवरून उतरल्या उतरल्या जाहिरात उघडून स्क्रीनशॉट घ्यायचा. भाड्याचा आकडा, डिपॉझिट, फोटो आणि जाहिरातीचा नंबर असेल तर तो, हे सगळं दिसेल असे दोन-तीन, वर मोबाइलची वेळ दिसू दे. हे आधीच केलेलं असेल तर उत्तम, कारण जाहिरात ओनरला किंवा एजंटला कधीही एडिट करता येते आणि मीटिंगनंतर ती बऱ्याचदा होतेच.

दुसरी गोष्ट एजंटबरोबरचं चॅट. आमच्या जाहिरातीत मेंटेनन्सबद्दल एक अक्षर नव्हतं, म्हणजे तिथे काकांची बाजू तशी बरोबर होती, नुसतं "भाडं 14,000" लिहिलं की मेंटेनन्स आत का बाहेर हे कुणीही आपापल्या सोयीने धरतो. पण आठ दिवसांपूर्वी मी एजंटला विचारलं होतं "मेंटेनन्स वेगळा का?" आणि त्याने लिहिलं होतं "नाही मॅडम सगळं धरून 14". ते चॅट नसतं तर माझा अर्धा मुद्दा हवेत होता. त्यामुळे तुम्ही अजून घर शोधायच्याच स्टेजला असाल तर हा एक प्रश्न लेखी विचाराच, फोनवर नको.

तिसरं, फोडीतला एकेक आकडा तपासायचा, आणि हे एका रात्रीत होतं. खाली वॉचमनला फोन लावला (बघायला गेलो तेव्हाच नंबर घेतला होता, ही सवय चांगली), त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंना विचारून सांगितलं की मेंटेनन्स 1,200 च आहे. म्हणजे काका तिथे खरं बोलत होते. पार्किंग टू-व्हीलरचं, त्याचे सोसायटी काहीच घेत नाही. आणि राहिले ते 1,000. सोसायटी रजिस्टर्ड सहकारी असेल तर मालक स्वतः न राहता भाडेकरू ठेवतो तेव्हा ती मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, हे खरं आहे, पण महाराष्ट्रात 2001 च्या शासन आदेशाने त्याला मर्यादा घातलेली आहे, सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. पूर्ण 1,200 सर्व्हिस चार्जेस धरले तरी 10 टक्के म्हणजे 120 रुपये. हजार कुठून आले? बहुतेक मुलाने कुठेतरी ऐकून सांगितले असणार, काकांना स्वतःला पण माहीत नसावं असं मला वाटतं.

ह्या मेसेजने काय होतं आणि काय होत नाही

इथे एक गैरसमज आधी काढून टाकू. जाहिरातीत 14,000 छापलं म्हणून ओनर तुम्हाला 14,000 ला घर द्यायला कायद्याने बांधलेला नसतो. कॉन्ट्रॅक्टच्या कायद्यात जाहिरात म्हणजे "या, बोलू" असं आमंत्रण, करार नाही. तुम्ही मागणी घालता, तो हो म्हणतो, तेव्हा करार जमतो. त्यामुळे "तुम्ही जाहिरातीत लिहिलंय आता द्यावंच लागेल" ह्या सुरातला मेसेज पोकळ असतो आणि ज्याला थोडं कळतं तो ओनर हसून सोडून देतो.

मग लिहायचं कशाला? एक म्हणजे तोंडी बोलण्यात शेवटचा बोललेला आकडा खरा ठरतो, आणि शेवटचा आकडा त्यांचा होता. तुम्ही गप्प राहिलात तर एजंट सोमवारी साडेसोळाचा ड्राफ्ट बनवून मोकळा. लिहिलं की शेवटचा आकडा परत तुमचा होतो. दुसरं, निर्णय बऱ्याचदा समोर बसलेला माणूस घेतच नसतो, आमच्या केसमध्ये पुण्याचा मुलगा घेत होता, आणि काका त्याला माझं म्हणणं काय सांगणार होते? "ते लोक कमी करा म्हणतायत." मेसेज मात्र जसाच्या तसा फॉरवर्ड होतो. तिसरं, त्यावर त्यांनी लेखी "ठीक आहे" म्हटलं की मग ती तुमची मागणी आणि त्यांचा होकार झाला, पुढे टोकनवरून वाद झाला तर हे चॅट दाखवता येतं. तेवढ्यासाठी चॅट डिलीट करायचं नाही, मोबाइल बदलला तरी बॅकअप ठेवायचा, नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा मूळ चॅट हातात असलेलं कधीही बरं.

मेसेज

मी रात्री सव्वानऊला हा पाठवला. काकांना वैयक्तिक पाठवला आणि तोच एजंटला पण, दोघांना कळू दे की दोघांना गेलाय:

> नमस्कार काका. आज संध्याकाळी भेटलो, काकूंना चहाबद्दल थँक्यू सांगा. फ्लॅट नं. 302 आम्हाला आवडलाय आणि आम्हाला 1 तारखेपासून हवाय.
>
> जाहिरातीत भाडं 14,000 आणि डिपॉझिट 50,000 होतं (स्क्रीनशॉट खाली). एजंटने 8 दिवसांपूर्वी "सगळं धरून 14" असं लिहून कळवलं होतं, तेही खाली जोडते. आम्ही त्या आकड्यावर दोनदा येऊन घर बघितलं आणि फायनल करायला आलो.
>
> आज तुम्ही 16,500 सांगितलं. त्याची फोड तुम्ही दिली तशी: मेंटेनन्स 1,200, सोसायटीचे भाडेकरूचे 1,000, पार्किंग 300. आम्ही 16,500 ला होकार दिलेला नाही.
>
> आमची तयारी 14,000 भाडं, 50,000 डिपॉझिट, 11 महिने अशी आहे. मेंटेनन्स 1,200 खरंच आहे हे मी विचारून घेतलं, त्याबद्दल बोलू शकतो. भाडेकरूचे 1,000 मात्र सोसायटीच्या पावतीवर दिसले तर बघू, नियमाने ते मेंटेनन्सच्या 10 टक्क्यांच्या वर जात नाहीत.
>
> सोमवारी संध्याकाळी 7 पर्यंत इथेच लिहून कळवलंत तर मंगळवारी टोकन देऊन ॲग्रीमेंटचं काम सुरू करू. नसेल जमत तर तसंही कळवा, म्हणजे आम्ही दुसरीकडे बघू.

आता ती ओळ, जी माझ्या दोन्ही मैत्रिणींनी काढून टाकली: "आम्ही 16,500 ला होकार दिलेला नाही." दोघी म्हणाल्या जरा तोडून बोलल्यासारखं वाटतं. वाटू दे. बाकी सगळा मेसेज गोड आहे, पण ही ओळ नसेल तर तो नुसता "कमी करा ना" होतो, म्हणजे साडेसोळा मान्य करून सवलत मागितल्यासारखा. आपण सवलत मागत नाही आहोत, जो आकडा आधीपासून होता तोच परत मांडतोय. म्हणूनच "कमी", "ॲडजस्ट", "प्लीज" हे शब्द मी मुद्दाम वापरले नाहीत.

वाढीव आकडा आपणच लिहायचा का हा पण प्रश्न येतो. लिहायचाच, फोडीसकट. नंतर "मी तर साडेसतरा म्हणालो होतो" असं होत नाही, आणि तो आकडा त्यांचा म्हणून नोंदला जातो. मेंटेनन्सबद्दल थोडं दार उघडं ठेवलं कारण तो खर्च खरा होता, आणि खऱ्याला खरं म्हटलं की खोट्याला खोटं म्हणायची ताकद येते. फक्त किती देणार तो आकडा मेसेजमध्ये टाकला नाही. टाकला असता तर तिथूनच बोलणं सुरू झालं असतं.

शेवटची तारीख-वेळ शनिवारच्या मेसेजला सोमवार संध्याकाळ ठेवली, मधे रविवार मुलाशी बोलायला. चोवीस तास दिले की घाई वाटते, आठवडा दिला की तेवढ्यात दुसरी पार्टी आणतात.

काय लिहायचं नाही हे पण सांगते, कारण माझा पहिला ड्राफ्ट भयंकर होता, नवऱ्याने वाचून मोबाइलच काढून घेतला. "फसवणूक" हा शब्द नको, आकडा बदलणं वाईट आहे पण करार व्हायच्या आधी बदललाय, लगेच फसवणूक होत नाही. "कंप्लेंट करू", "जाहिरातीला रिपोर्ट करू" नको. मुलाला मधे ओढायचं नाही, म्हाताऱ्या बापाला "तुमच्या मुलाने बिघडवलं" लिहिलं की संपलं. आणि व्हॉइस नोट तर नकोच, ती कुणी पूर्ण ऐकत नाही आणि त्यातला आकडा शोधायला कुणी परत जात नाही.

उत्तर आल्यावर

बऱ्याचदा लेखी उत्तर येतच नाही, फोन येतो. रविवारी दुपारी काकांचा आला, पाऊण तास बोलले, त्यांच्या बदलीच्या नोकरीपासून सगळं. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "हजाराचं जाऊ दे, पार्किंगचं पण जाऊ दे, मेंटेनन्स अर्धा अर्धा करू." म्हणजे 14,000 अधिक 600. मला पटलं, खरं सांगायचं तर तो मेंटेनन्स अख्खा टाळता येईल असं मी धरलंच नव्हतं. पण फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत मी लिहिलं: "काका आत्ता फोनवर ठरलं तसं: भाडं 14,600, मेंटेनन्स त्यातच धरून, वेगळं काही नाही. पार्किंग टू-व्हीलर एक, फ्री. डिपॉझिट 50,000. बरोबर आहे ना? एवढं 'हो' लिहून पाठवा." तासाभराने अंगठा आला. अंगठ्यावर थांबू नका, मी परत लिहिलं "काका फक्त 'हो 14,600' एवढं लिहा ना, एजंटला पाठवायचंय", तेव्हा ते आलं.

उत्तर गप्प असेल तर दिलेल्या वेळेनंतर एकदाच लिहायचं, "काही कळवलं नाहीत म्हणून आम्ही दुसरीकडे बघायला सुरुवात करतोय, 14 ला विचार झाला तर सांगा." आणि खरंच बघायला लागायचं. इंदिरानगर, सिडको, गोविंदनगर, एकाच रविवारी तीन घरं होतात.

स्पष्ट "नाही" आलं तर हिशोब बघा. 2,500 चा फरक 11 महिन्यांत 27,500 होतो, आणि एजंट एक महिन्याचं भाडं कमिशन घेत असेल तर ते पण वाढीव आकड्यावर. एवढे पैसे वाचवायला अजून दोन रविवार शोधायची तयारी आहे का? आमची होती. तुम्हाला 1 तारखेला आधीचं घर सोडायचंच असेल तर नसेल, आणि मग घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या.

एक उत्तर मात्र धोक्याचं: "ॲग्रीमेंटवर 14 च दाखवू, वरचे अडीच हजार कॅश द्या." ऐकायला वाटतं जाहिरातीचा आकडा मिळाला. पण त्या अडीच हजारांची पावती नाही, पुढच्या वर्षी ते तीन होतील की साडेतीन ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि एक महिना कॅश राहिली की वाद सुरू. त्याला मी लेखी एकच उत्तर देईन: "जे काही ठरेल ते पूर्ण ॲग्रीमेंटमध्ये आणि बँकेतून."

टोकन आणि ड्राफ्ट

"हो" लेखी आल्यावरच टोकन, आणि ते यूपीआयने. नोटमध्ये जागा थोडी असते म्हणून मी नुसतं "302 टोकन" टाकलं आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट त्याच चॅटमध्ये पाठवून खाली लिहिलं "14,600 भाड्यावर टोकन 5,000 दिले, डिपॉझिटमधून वजा". आकड्याचं आणि पैशाचं नातं एकाच ठिकाणी दिसलं पाहिजे.

मग ड्राफ्ट. महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि रजिस्टर्ड असलाच पाहिजे, लिव्ह अँड लायसन्स पण, आणि 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. रजिस्टर केलाच नाही तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. पण एकदा लेखी लायसन्स झालं की त्यात लिहिलेलं निर्णायक, म्हणजे इतके दिवस जपलेल्या चॅटपेक्षा त्या ड्राफ्टमधली ओळ भारी. म्हणून ड्राफ्ट आला की तीन ठिकाणं बघायची: भाड्याचा आकडा (अंकात आणि अक्षरात दोन्ही), डिपॉझिट, आणि मेंटेनन्स कोण भरणार ते कलम.

आमचा ड्राफ्ट गुरुवारी आला. भाडं 14,600 बरोबर, अक्षरात पण बरोबर, डिपॉझिट बरोबर. मी जवळजवळ ओके पाठवणारच होते. मग खाली सातव्या की आठव्या कलमात सापडलं, "सोसायटीचा मेंटेनन्स लायसन्सी दरमहा स्वतंत्रपणे भरेल." एजंटचा रेडीमेड फॉरमॅट, प्रत्येकाला तोच देतो, काकांनी सांगितलेलं पण नव्हतं. म्हणजे 14,600 अधिक 1,200, अर्धा अर्धा करून मी दीड मेंटेनन्स भरणार होते. मी त्या कलमाचा फोटो आणि काकांचा "हो 14,600" चा मेसेज, दोन्ही एकाखाली एक एजंटला पाठवले, वर काहीच लिहिलं नाही. वीस मिनिटांत नवीन ड्राफ्ट आला, "मेंटेनन्स भाड्यात समाविष्ट, लायसन्सर भरेल."

शुक्रवारी त्याचा माणूस थंबचं मशीन घेऊन काकांच्या घरी आला. एकदा थंब झाला की आकडा बदलायला परत सगळा खटाटोप, म्हणून मी स्क्रीनवरचं भाडं आणि ते कलम काकांसमोर मोठ्याने वाचलं, काकांनी वही काढली, 16.5 वर काट मारून बाजूला 14.6 लिहिलं, आणि मग आम्ही दोघांनी अंगठे लावले.